अनोळखी पांढऱ्या भुकटीची ओळख
(विज्ञान-विषयाच्या शिक्षकांसाठी प्रात्यक्षिक पाठ)

१. प्रसंग

जंगलपट्टीतील शाळांची कपाटे पावसाळ्यात ओल धरतात. वाळवी आणि कसर यांच्या तडाख्यात बाटल्यांवरील कागदी चिठ्ठ्या सर्वांत आधी नाहीशा होतात. आतील पदार्थ मात्र तसाच राहतो. समजा, एखाद्या शाळेस माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतून मिळालेल्या जुन्या साहित्यात अशी एक चिठ्ठी गेलेली बाटली आहे. आतील भुकटी पांढरी, कोरडी व वासरहित आहे. ती कशाची, हा प्रश्न आहे.

ही चुनखडीची पूड असावी, असे कोणीही चटकन म्हणेल. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा व कोरपना या तालुक्यांत चुनखडीचा दगड विपुल असून तेथील सिमेंटचे कारखाने त्यावरच चालतात. तेव्हा या भागात असा तर्क होणे स्वाभाविक आहे. दुसरा कोणी तिला खडूची पूड म्हणेल, तिसरा मीठ किंवा सोडा म्हणेल. परंतु तर्क म्हणजे ओळख नव्हे. बेरियम कार्बोनेट नावाचा पदार्थही असाच पांढरा व वासरहित असतो. तो विषारी असून पूर्वी उंदीर मारण्यासाठी वापरला जात असे. चुनखडी आणि बेरियम कार्बोनेट यांतील भेद डोळ्यांना दिसत नाही, पाण्यात टाकून कळत नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे आम्ल टाकूनही कळत नाही. म्हणून या पाठात एकाच बाटलीचा माग शेवटपर्यंत काढला आहे.

आरंभीच एक नियम सांगणे अवश्य आहे. अनोळखी भुकटी जिभेवर ठेवून पाहू नये, व विद्यार्थ्यांसही तसे करू देऊ नये. आम्लाचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. विद्यार्थ्यांनी पाहावे व वहीत निरीक्षणे नोंदवावीत.

२. तयारी

लागणारे साहित्य थोडे आहे: पाच-सहा परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, काचेची कांडी, ड्रॉपर, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, सौम्य नायट्रिक आम्ल, सिल्व्हर नायट्रेटचे व बेरियम क्लोराइडचे द्रावण, थोडी तुरटी आणि चुन्याची निवळी.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल करताना पाच भाग पाण्यात एक भाग तीव्र आम्ल सावकाश ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये, कारण तसे केल्यास उष्णतेने आम्ल उसळून अंगावर येते. सिल्व्हर नायट्रेट सुमारे १ ग्रॅम घेऊन ६० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे आणि गडद रंगाच्या बाटलीत ठेवावे. उजेडाने ते बिघडते, आणि बोटांस लागल्यास काळे डाग पडतात. बेरियम क्लोराइड हेही विषारी आहे, याचे स्मरण ठेवून ते कुलुपात ठेवावे. चुन्याच्या निवळीसाठी विड्याच्या पानास लावावयाचा चुना चालतो. तो भरपूर पाण्यात ढवळून रात्रभर स्थिर ठेवावा आणि सकाळी वरचे नितळ पाणी हलकेच ओतून घेऊन बूच घट्ट लावावे.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, म्हणजे पाणी. हे प्रयोग विहिरीच्या किंवा हातपंपाच्या पाण्यात केल्यास फसगत होते. जमिनीतील पाण्यात क्षार विरघळलेले असतात. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब पडताच बहुधा तेच पाणी दुधाळ होते, आणि भुकटी नळीत नसतानाही 'क्लोराइड आहे' असे उत्तर मिळते. यासाठी शुद्ध केलेले, म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. ते न मिळाल्यास पाऊस चांगला लागल्यानंतर उघड्यावर स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी घ्यावे; छपरावरून पागोळीने आलेले घेऊ नये.

पाणी योग्य आहे की नाही, हेही प्रयोगानेच ठरवावे. प्रत्येक कसोटीच्या वेळी तीन नळ्या मांडाव्यात. पहिलीत नुसते पाणी, दुसरीत ओळखीचा पदार्थ आणि तिसरीत अनोळखी भुकटी. तिन्ही नळ्यांत एकच द्रव, सारख्याच थेंबांनी घालावा. पहिली नळी पाणी निर्दोष असल्याचे दाखविते. कसोटी खरी उतरली म्हणजे कशी दिसते, ते दुसरी नळी दाखविते. या दोहोंशी ताडून पाहिल्यावरच तिसऱ्या नळीतील निरीक्षणास अर्थ येतो.

३. पहिली पायरी: पाण्यातील वर्तन

चमच्याच्या टोकावर राहील इतकी, म्हणजे सुमारे ०.२ ग्रॅम भुकटी परीक्षानळीत घेऊन तीत ५ मिलिलिटर पाणी घालावे व नळी दोन मिनिटे हलवावी. मीठ, धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा हे एवढ्या पाण्यात पूर्ण विरघळून द्रावण नितळ होते. चुनखडी, जिप्सम व बेरियम कार्बोनेट हे तळाशी बसतात.

भुकटी जास्त घेतल्यास हे निरीक्षण चुकते. खाण्याचा सोडा १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १० ग्रॅमपेक्षा कमीच विरघळतो. लहान नळीत मूठभर सोडा टाकला तर तोही 'अविद्राव्य' भासेल. म्हणून प्रमाण सांभाळावे.

आपल्या बाटलीतील भुकटी तळाशी बसली, असे समजू. यावरून ती मीठ किंवा सोडा नाही, हे कळले. पण 'विरघळली नाही' आणि 'थोडीशी विरघळली' या दोहोंत फरक असून तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फळ्यावर लिहिण्याचे पुष्कळसे खडू जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. जिप्सम १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे पाव ग्रॅम विरघळतो, तर चुनखडी त्याच्या शंभरावा भागही विरघळत नाही. तेव्हा नळी स्थिर ठेवून वरचे नितळ पाणी दोन स्वच्छ नळ्यांत काढून घ्यावे. जिप्सम असेल तर त्याचा अंश या पाण्यात उतरलेला असणारच.

४. दुसरी पायरी: सल्फेट व क्लोराइड यांचा शोध

पहिल्या नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब घालून नंतर बेरियम क्लोराइडचे चार थेंब घालावेत. सल्फेट असल्यास पांढरा साका पडतो. साका म्हणजे द्रावणातून वेगळा होऊन खाली बसणारा, न विरघळणारा पदार्थ. दुसऱ्या नळीत सौम्य नायट्रिक आम्लाचे चार थेंब घालून नंतर सिल्व्हर नायट्रेट घालावे. क्लोराइड असल्यास दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका पडतो व उजेडात हळूहळू जांभळट-करडा होतो. ओळखीचे पदार्थ म्हणून सल्फेटासाठी तुरटीचे आणि क्लोराइडासाठी मिठाचे द्रावण घ्यावे.

दोन्ही ठिकाणी आम्ल आधी का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील, आणि तो योग्य आहे. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात नुसते बेरियम क्लोराइड घातले तरी पांढरा साका पडतो, आणि नुसते सिल्व्हर नायट्रेट घातले तरी फिकट साका पडतो. कारण या धातूंचे कार्बोनेटही पाण्यात विरघळत नाहीत. आम्ल आधी घातले म्हणजे कार्बोनेट फसफसून निघून जाते व त्याची लुडबूड संपते. आम्ल घालूनही जो साका टिकतो, तोच सल्फेटाचा किंवा क्लोराइडाचा. सोडा घेऊन हा प्रयोग एकदा आम्लाविना व एकदा आम्लासह करून दाखवावा. नियम पाठ करून घेण्याची गरज उरणार नाही.

आम्लाची निवडही मनास येईल तशी करता येत नाही. सिल्व्हर नायट्रेटपूर्वी हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तर त्या आम्लातलेच क्लोराइड साका पाडील. बेरियम क्लोराइडपूर्वी गंधकाम्ल घातले, तर त्यातील सल्फेटच साका पाडील. जे शोधावयाचे, तेच आपल्या हाताने घालू नये, हे सूत्र ध्यानी ठेवले म्हणजे चूक होत नाही.

आपल्या भुकटीच्या पाण्याने दोन्ही कसोट्यांत काहीच दाखविले नाही; दोन्ही नळ्या नुसत्या पाण्याच्या नळीइतक्याच स्वच्छ राहिल्या. म्हणजे ती जिप्सम नव्हे, हे निश्चित झाले.

५. तिसरी पायरी: आम्ल व चुन्याची निवळी

मूळ नळीत तळाशी उरलेल्या भुकटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालावे. भुकटी जोराने फसफसते. काचेच्या कांडीच्या टोकाला चुन्याच्या निवळीचा एक थेंब घेऊन तो नळीच्या तोंडाशी, पण द्रवास न लावता, आत धरावा. थोड्याच वेळात थेंब दुधाळ होतो. बाहेर पडणारा वायू कार्बन डायऑक्साइड आहे, आणि भुकटी कार्बोनेट आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

येथे दोन सूचना आहेत. थेंब फार वेळ वायूत धरल्यास दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो, म्हणून नजर सतत त्यावर असावी. तसेच नुसते बुडबुडे दिसले म्हणून कार्बोनेट म्हणू नये. कोरड्या भुकटीत अडकलेली हवाही बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते. भुकटी आधीच पाण्यात भिजविल्याने ही शंका येथे उरत नाही.

या पायरीवर पुष्कळजण थांबतात. पाण्यात विरघळत नाही, आम्लात फसफसते, निवळी दुधाळ करते. तेव्हा ही चुनखडीच, असा निर्णय देऊन बाटलीवर चिठ्ठी चिकटविली जाते. परंतु आतापर्यंतच्या सर्व कसोट्यांनी कार्बोनेट एवढेच सांगितले. त्याच्याशी जोडलेला धातू कोणता, यावर त्यांनी एक अक्षरही उच्चारलेले नाही. बेरियम कार्बोनेटही अगदी असेच वागले असते.

६. चौथी पायरी: ज्योत-परीक्षा

विजेच्या शेगडीच्या निकामी कॉइलमधील बोटभर तार घेऊन तिचे एक टोक बुचात किंवा लाकडी मुठीत बसवावे व दुसऱ्या टोकास बारीक वेटोळे करावे. वेटोळे हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत लाल होईपर्यंत धरावे. ज्योतीस रंग येत राहील तोवर हे पुनःपुन्हा करावे. तार स्वच्छ झाली म्हणजे ती पुन्हा आम्लात बुडवून भुकटीस लावावी आणि ज्योतीच्या कडेवर, खालच्या अंगास धरावी. आम्लामुळे भुकटीचे क्लोराइडात रूपांतर होते; ते अधिक सहज बाष्प होते व रंग स्पष्ट उमटतो. आम्लाची बाटली दिव्यापासून दूर असावी, आणि तार बुडविण्यासाठी आम्ल लहान वाटीत वेगळे घ्यावे.

सोडियम गडद पिवळा रंग देते, पोटॅशियम फिकट जांभळा, कॅल्शियम विटकरी तांबडा आणि बेरियम कच्च्या सफरचंदासारखा पिवळट हिरवा.

यांपैकी पिवळ्या रंगावर सहज विश्वास ठेवू नये. घामेजल्या बोटाचा स्पर्श, धुळीचा कण किंवा आम्लातील अत्यल्प मीठ यांपैकी काहीही तो रंग आणू शकते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन व किर्खोफ यांनी १८६० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे प्रमाणच दिले आहे. सुमारे ६० घनमीटर हवा असलेल्या खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात त्यांनी ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेटचा स्फोट केला. काही मिनिटांतच दुसऱ्या टोकाच्या ज्योतीत सोडियमची पिवळी खूण उमटली. यावरून हे ध्यानी येईल की क्षणिक पिवळी झाक काहीच सिद्ध करीत नाही. भुकटी मुख्यत्वे सोडियमची असेल तर पिवळा रंग प्रखर असतो व बराच वेळ टिकतो. फिकट जांभळा रंग मात्र पिवळ्याखाली बुडून जातो. तो पाहण्यासाठी ज्योतीकडे गडद निळ्या, कोबाल्टच्या काचेतून पाहावे, म्हणजे पिवळा अडतो व जांभळा दिसतो.

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत गॅसच्या ज्योतीइतकी तापत नाही, म्हणून रंग फिके दिसतात. खोली अंधारी करावी आणि ज्योतीमागे काळा कागद धरावा. आधी खऱ्या चुनखडीची पूड तारेवर घेऊन विटकरी रंग सर्वांस दाखवावा, तार पुन्हा स्वच्छ करावी, आणि मगच अनोळखी भुकटी घ्यावी.

आपल्या भुकटीने प्रथम क्षणभर पिवळी झाक दाखविली. तो धुळीतील सोडियमचा प्रभाव. ती विरल्यावर ज्योतीची कड सावकाश हिरवट झाली आणि तशीच राहिली. विटकरी तांबडा रंग कोठेही दिसला नाही. ही चुनखडी नव्हे.

७. ताळा

गणितात उत्तराचा ताळा पाहतात, तसा येथेही पाहावा; केवळ फिकट हिरव्या झाकेवर निर्णय देऊ नये. तिसऱ्या पायरीत आम्लात विरघळलेल्या भुकटीचे नितळ द्रावण जपून ठेवलेले असावे. त्याचा एकच थेंब ५ मिलिलिटर स्वच्छ पाण्यात टाकावा आणि त्यात तुरटीच्या द्रावणाचे पाच-सहा थेंब घालावेत. तुरटीत सल्फेट असते. बेरियम असल्यास इतक्या विरळ द्रावणातही लगेच पांढरा गढूळपणा येतो, कारण बेरियम सल्फेट पाण्यात वा सौम्य आम्लात जवळजवळ विरघळतच नाही. कॅल्शियम असल्यास द्रावण नितळ राहते, कारण तयार होणारा थोडासा जिप्सम तेवढ्या पाण्यात विरघळून जातो. मूळ दाट द्रावणात ही कसोटी करू नये. तेथे कॅल्शियमही साका पाडू शकते. एका थेंबाचे महत्त्व याच कारणाने आहे. शेजारी चुनखडीचे असेच एक थेंबाचे द्रावण ठेवून तुलना करावी.

आपल्या भुकटीची नळी तत्काळ दुधाळ झाली, चुनखडीची स्वच्छ राहिली. ज्योत व साका या दोन स्वतंत्र साक्षींनी एकच उत्तर दिले: बाटलीत बेरियम कार्बोनेट आहे. आता सुरुवातीस नजरेतून सुटलेली एक खूणही आठवावी. बेरियम कार्बोनेट चुनखडीच्या मानाने सुमारे दीडपट घन असते. बाटली आकाराच्या मानाने जड लागते. ती खूण पुरावा नव्हे, पण संशय घेण्यास पुरेशी आहे.

८. या भेदाचे मोल

पाण्यात न विरघळणारा पदार्थ पोटात गेला तरी तसाच बाहेर पडेल, असे वाटते. बेरियम सल्फेटाबाबत ते खरे आहे, म्हणूनच क्ष-किरणांनी पोटाचे चित्र घेताना रोग्यास ते पाजतात. परंतु जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. परीक्षानळीत जे घडले तेच तेथे घडते: बेरियम कार्बोनेट फसफसून विरघळते आणि सुटलेले बेरियम रक्तात जाते. त्याने रक्तातील पोटॅशियम कमी होते, स्नायू लुळे पडतात व हृदयाची गती बिघडते. २००३ साली ब्राझिलमध्ये क्ष-किरण तपासणीसाठी दिलेल्या बेरियम सल्फेटात बेरियम कार्बोनेटाची भेसळ राहिल्याने रोगी दगावले. दोन्ही भुकट्या पांढऱ्या, दोन्ही पाण्यात न विरघळणाऱ्या. आम्लाचे काही थेंब त्यांतील भेद दाखविण्यास पुरे होते.

प्रयोगानंतर बेरियम असलेली सर्व द्रावणे एका भांड्यात जमवून त्यांत तुरटीचे द्रावण, नवा साका पडेनासा होईपर्यंत घालावे. बेरियम सल्फेटाच्या रूपाने बेरियम खाली बसते; मगच ते विहीर व ओढा यांपासून दूर पुरावे. बाटलीवर पदार्थाचे नाव, 'विषारी' हा शब्द व तारीख लिहून कागदावर मेण चोळावे, म्हणजे ओल लागणार नाही. आणि बाटली कुलुपात ठेवावी.

९. कसोट्यांची मर्यादा

या कसोट्या थोड्याच पदार्थांस बोलके करतात. साखर, युरिया किंवा पिठूळ पदार्थ यांपैकी कोणीही येथे ठळक खूण दाखवीत नाही. बेरियम सल्फेटही पाण्यात व सौम्य आम्लात जसेच्या तसे राहते व ज्योतीस रंग क्वचितच देते. म्हणून 'काहीच आढळले नाही' याचा अर्थ 'निरुपद्रवी आहे' असा कधीही करू नये. शेतातील औषधांच्या पुड्या, औषधाच्या गोळ्यांची पूड किंवा रस्त्यावर सापडलेली भुकटी या पद्धतीने तपासू नये. तसेच मिश्रण असल्यास एका घटकाचा रंग दुसऱ्यास झाकतो; या पाठातील रीत एकच पदार्थ असलेल्या भुकटीस लागू आहे.

१०. वर्गासाठी प्रश्न

(अ) एक पांढरी भुकटी पाण्यात पूर्ण विरघळली. तारेवर तिने प्रखर, टिकणारा पिवळा रंग दिला. नायट्रिक आम्ल घातल्यावर फसफसली नाही आणि सिल्व्हर नायट्रेटने दह्यासारखा साका पडला. ती कोणती? (उत्तर: मीठ.)

(आ) दुसरीही विरघळली व पिवळा रंग दिला, पण नायट्रिक आम्ल पडताच फसफसली आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटने काहीच झाले नाही. तिच्याविषयी काय म्हणता येईल? (उत्तर: सोडियमचे कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट, म्हणजे धुण्याचा किंवा खाण्याचा सोडा. या दोहोंत निवड करण्यास एवढी निरीक्षणे पुरत नाहीत.)

(इ) विहिरीच्या पाण्यात प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यास तिन्ही नळ्यांत क्लोराइड आढळले. त्याचे कोठे चुकले, आणि ते त्याला कोणत्या नळीने सांगितले?